तापी पश्चिमेला वाहते, स्वल्पविराम मात्र अडतो

माझी भाची अमळनेरला असते, बारावीत आहे आणि बाहेरच्या देशात शिकायला जायचं म्हणून एसएटीची तयारी करते. गणितात तिला माझी गरज नाही. इंग्रजीचे उतारेही ती भराभर वाचते. पण विरामचिन्हांचा प्रश्न आला की चारपैकी नेमका चुकीचा पर्याय निवडायची. दिवाळीच्या सुट्टीत लॅपटॉप घेऊन ओट्यावर बसली आणि म्हणाली, ‘‘मामा, आठे काय चुकनं? वाचाले ते बराबर वाटस!’’

‘वाचायला बरोबर वाटतं’ हेच तर दुखणं होतं. तिचे आठ-दहा चुकलेले प्रश्न एकाखाली एक ठेवून पाहिले, तेव्हा लक्षात आलं की तिचं इंग्रजी कच्चं नाही. ती इंग्रजी वाक्यात मराठीचा स्वल्पविराम टाकते. आपला स्वल्पविराम श्वासाचा आहे. जिथं बोलताना थांबतो तिथं तो येतो आणि त्यावर कुणी हरकत घेत नाही. परीक्षकाचा स्वल्पविराम रचनेचा आहे. तुम्ही कुठं थांबता याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. डावीकडं काय आहे आणि उजवीकडं काय आहे, एवढंच तो बघतो.

आधी परीक्षेचा आकार थोडक्यात सांगतो. एसएटीच्या वाचन-लेखन विभागात 54 प्रश्न असतात आणि त्यांना 64 मिनिटं मिळतात. त्यांपैकी साधारण 11 ते 15 प्रश्न व्याकरण आणि विरामचिन्हांच्या नियमांचे. छोटा परिच्छेद, त्यात एक रिकामी जागा, खाली चार पर्याय. पुष्कळदा चारही पर्यायांत शब्द तेच असतात, फक्त मधलं चिन्ह बदलतं. एसीटी या दुसऱ्या परीक्षेत मांडणी वेगळी आहे. तिथं अधोरेखित भाग दिलेला असतो आणि ‘बदल नको’ हाही एक पर्याय असतो. तपासायचे नियम मात्र जवळपास तेच.

तिला समजावं म्हणून मी आपल्याकडचाच एक नमुना करून दिला:

```
The Tapi flows ____ most Deccan rivers run east.

A) west
B) west,
C) west;
D) west and
```

तिनं क्षणभरही न थांबता दुसरा पर्याय निवडला. का, ते उघड आहे. हेच वाक्य मराठीत म्हणून बघा: ‘तापी पश्चिमेला वाहते, दख्खनच्या बहुतेक नद्या पूर्वेला जातात.’ यात काय चुकलं? काहीच नाही. कुठलाही मराठी संपादक हा स्वल्पविराम खोडणार नाही. ‘पाऊस आला, आम्ही घरी गेलो’ हेही आपण बिनधास्त लिहितो. मला वाटतं, आपलं क्रियापद बहुधा शेवटी येतं म्हणून हे खपतं. ‘वाहते’ कानावर पडलं की एक गोष्ट पुरी झाली हे आपोआप कळतं, मग पुढं कुठलं चिन्ह आहे त्यानं फारसं बिघडत नाही. इंग्रजीत क्रियापद मधेच येऊन जातं. त्यानंतर वाक्य किती लांबेल याचा भरवसा नसतो, म्हणून हद्दीचं काम चिन्हावर येतं.

परीक्षक इथं एकच गोष्ट तपासतो: रिकाम्या जागेच्या डावीकडचा भाग एकटा उभा राहतो का, आणि उजवीकडचा राहतो का? हात ठेवून आधी उजवा भाग झाका. ‘तापी पश्चिमेला वाहते.’ पूर्ण वाक्य. आता डावा भाग झाका. ‘बहुतेक नद्या पूर्वेला जातात.’ हेही पूर्ण. दोन्ही बाजूंना पूर्ण वाक्यं असली की नुसता स्वल्पविराम हद्द राखू शकत नाही. तिथं पूर्णविराम हवा, किंवा अर्धविराम हवा, किंवा स्वल्पविराम आणि त्याला जोडून एक उभयान्वयी शब्द हवा. म्हणून दुसरा पर्याय बाद. पहिल्यात काहीच चिन्ह नाही, दोन वाक्यं एकमेकांवर आदळतात, तोही बाद. चौथ्यात ‘अँड’ आहे पण त्याच्या आधी स्वल्पविराम नाही. दोन पूर्ण वाक्यं जोडताना परीक्षेला दोन्ही लागतात, शब्दही आणि चिन्हही. उरला तिसरा, अर्धविरामाचा.

अर्धविरामाची मराठी मुलांना उगाच भीती वाटते, कारण आपण तो फारसा वापरत नाही. या परीक्षेत तो सगळ्यांत सोपा आहे. वाक्यांच्या मधे आला की तो पूर्णविरामाचंच काम करतो, फक्त पुढचं अक्षर मोठं होत नाही. तिथं मनातल्या मनात पूर्णविराम ठेवून बघायचा. चालला तर अर्धविरामही चालतो. यातूनच एक आडवाट निघते. पर्यायांत एकीकडं पूर्णविराम आणि दुसरीकडं अर्धविराम असेल आणि बाकीचे शब्द जसेच्या तसे असतील, तर ते दोन्ही बहुधा चुकीचेच. दोघं एकच काम करतात आणि बरोबर उत्तर तर एकच असायला हवं. पण शब्दांत जरा जरी फरक असला, तर ही युक्ती वापरू नका. भाचीनं एकदा ती आंधळेपणानं वापरली आणि बरोबर पर्यायच खोडून बसली.

आता ‘एकटा उभा राहतो का’ हे ओळखण्यातही चकवे आहेत. ‘द तापी फ्लोइंग वेस्ट’ हे वाक्य नाही. त्यात वाहण्याची क्रिया दिसते, पण ती ‘पश्चिमेला वाहणारी तापी’ अशी आहे. ‘वाहणारी’वर मराठी वाक्य संपत नाही, तसंच ‘फ्लोइंग’वर इंग्रजी संपत नाही. ‘बिकॉज’, ‘ऑल्दो’, ‘व्हेन’ असल्या शब्दांनी सुरू होणारा तुकडाही एकटा उभा राहत नाही, कितीही लांब असला तरी. लांबीवर जाऊ नका. दोन शब्दांचं पूर्ण वाक्य असू शकतं आणि वीस शब्दांचा तुकडा अपुरा असू शकतो. परीक्षक तुकडा लांब आणि वाक्य आखूड ठेवतात ते मुद्दाम.

जोडणाऱ्या शब्दांतही दोन जाती आहेत. ‘अँड’, ‘बट’, ‘ऑर’, ‘सो’, ‘येट’, ‘फॉर’, ‘नॉर’ हे सात शब्द स्वल्पविरामाच्या सोबतीनं दोन वाक्यं जोडू शकतात. ‘हाउएव्हर’, ‘देअरफोर’, ‘मोरओव्हर’ यांना तो अधिकार नाही. अर्थानं ‘बट’ आणि ‘हाउएव्हर’ भाऊभाऊ दिसतात, पण परीक्षेत त्यांची घरं वेगळी आहेत. ‘हाउएव्हर’ हा नुसता शेरा आहे, सांधा नाही. म्हणून त्याच्या एका बाजूला वाक्याची हद्द असेल तर तिथं अर्धविराम किंवा पूर्णविरामच लागतो:

```
Bananas need water; however, standing water rots the roots.
```

इथपर्यंत बहुतेक मुलं येतात आणि पाठच करून टाकतात की ‘हाउएव्हर’च्या आधी अर्धविराम, नंतर स्वल्पविराम. परीक्षकाला हे ठाऊक आहे. अवघड प्रश्नात तो हे उलटवतो:

```
Bananas need water. Standing water rots the
roots, however; growers dig drains.
```

भाचीनं हे पाहून ‘छापायची चूक’ असं जाहीर केलं. चूक नाही. ‘हाउएव्हर’ हा विरोधाचा शेरा आहे, तेव्हा विरोध कशाचा कशाशी आहे ते बघा. केळीला पाणी लागतं, पण साचलेलं पाणी मुळं सडवतं. विरोध इथं आहे, पहिल्या आणि दुसऱ्या विधानात. शेतकरी चर काढतात, यात विरोध कुठाय? तो तर परिणाम आहे. म्हणजे शेरा डाव्या वाक्याचा आहे आणि हद्द त्याच्यानंतर पडते. अर्धविराम उजवीकडं सरकतो.

इथं मराठी आपल्या मदतीला येते, कारण आपला ‘मात्र’ वाक्याच्या पोटात शिरून बसतो. तेच मराठीत म्हणून बघा: ‘केळीला पाणी लागतं. साचलेलं पाणी मात्र मुळं सडवतं. शेतकरी चर काढतात.’ जीभ ‘मात्र’ आपोआप मधल्या वाक्यात ठेवते. ‘शेतकरी मात्र चर काढतात’ असं म्हटलं तर अर्थच बदलतो, जणू चर काढणं ही कुणाला न पटणारी गोष्ट आहे. ज्या वाक्यात ‘मात्र’ शोभतो, त्या वाक्याच्या बाजूला ‘हाउएव्हर’. चावडीवरच्या कुठल्याही आबांना विचारलं तरी ते हे न चुकता सांगतील, इंग्रजी येवो न येवो.

दुसरा मोठा घोळ वाक्याच्या पोटातल्या स्वल्पविरामांचा. ‘तापी, जी पश्चिमेला वाहते, सुरतजवळ समुद्राला मिळते.’ मधला तुकडा उचलला तरी ‘तापी सुरतजवळ समुद्राला मिळते’ हे धड वाक्य उरतं. असा उचलता येण्याजोगा तुकडा इंग्रजीत दोन्ही कडांना सारख्याच चिन्हांनी बंद करायचा असतो: दोन स्वल्पविराम, किंवा दोन डॅश, किंवा दोन कंस. एका बाजूला डॅश आणि दुसऱ्या बाजूला स्वल्पविराम, हे चालत नाही. प्रश्नात बहुधा एक कड आधीच छापलेली असते आणि रिकामी जागा दुसऱ्या कडेला असते. म्हणून रिकाम्या जागेकडं टक लावून बसण्यापेक्षा मागं जाऊन सुरुवातीला कुठलं चिन्ह आहे ते शोधायचं. तिथं डॅश दिसला, तर इथंही डॅश. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

पण प्रत्येक ‘जो’चा तुकडा उचलता येत नाही. खालचं वाक्य बघा. भाचीला हे बरोबर वाटलं होतं:

```
The farmers who grow green brinjals, sell them in winter.
```

भरताची हिरवी वांगी आपल्याकडं कोणाला सांगायला नकोत. मराठीत हे वाक्य असं होतं: ‘जे शेतकरी हिरवी वांगी लावतात, ते ती हिवाळ्यात विकतात.’ इथं स्वल्पविराम आपण नेमानं देतो, शाळेतही तसंच शिकवलं जातं. तोच स्वल्पविराम भाचीनं उचलून इंग्रजीत आणला. इंग्रजीत मात्र तो कर्ता आणि क्रियापद यांच्यामधे जाऊन पडतो. ‘शेतकरी’ एकीकडं, ‘विकतात’ दुसरीकडं आणि मधे एकटाच स्वल्पविराम. कर्ता कितीही लांबलचक असो, म्हणताना धाप लागो, त्याच्या आणि क्रियापदाच्या मधे एकटा स्वल्पविराम परीक्षक कधीही मान्य करत नाही. दोन चालतात, कारण ते मधला तुकडा बाजूला काढतात. शून्य चालतो. एक नाही.

मग दोन की शून्य? यासाठी मी तिला ‘जे–ते’ची कसोटी दिली. मराठी करताना वाक्य सहज ‘जे… ते…’ असं येत असेल आणि ‘सगळे नव्हेत, तेवढेच’ असा अर्थ असेल, तर इंग्रजीत शून्य स्वल्पविराम. सगळे शेतकरी नाहीत, फक्त हिरवी वांगी लावणारे. हा तुकडा उचलला तर कुठले शेतकरी तेच कळत नाही. तापीचं तसं नाही. ‘जी तापी पश्चिमेला वाहते ती’ असं आपण म्हणणार नाही, कारण पूर्वेला वाहणारी दुसरी तापी नाहीच. ओळख आधीच पक्की आहे, तुकडा फक्त माहिती देतो, म्हणून दोन स्वल्पविराम. हाच नियम हुद्दा आणि नाव यांना लागतो. ‘शास्त्रज्ञ’ किंवा ‘लेखिका’ असा नुसता हुद्दा लिहून लगेच नाव आलं, तर मधे काही नको, नावाच्या नंतरही नको. नाव काढलं तर कोण ते कळणार नाही.

अर्धविरामाचं आणखी एक काम आहे, ते पटकन सांगून टाकतो. यादीतल्या नगांच्या पोटातच स्वल्पविराम असतील, तर नग वेगळे करायला अर्धविराम घेतात:

```
Chopda, Jalgaon; Shirpur, Dhule; and Shahada, Nandurbar
```

तालुका, स्वल्पविराम, जिल्हा. मग अर्धविराम. इथं दोन्ही बाजूंना पूर्ण वाक्य नाही तरी तो चालतो. पण यादीत एकदा अर्धविराम घेतला की शेवटच्या नगापर्यंत तोच ठेवायचा. मधेच स्वल्पविरामावर घसरलेला पर्याय हमखास दिलेला असतो.

आता अपॉस्ट्रॉफी. याला मराठीत रूढ नाव नाही, कारण हे चिन्ह आपल्याला लागतच नाही. आपण ‘चा-ची-चे’ लावून मोकळे होतो. मुलं घाबरतात ती इथं जास्त. गंमत अशी की मराठी मुलाला हा प्रश्न इंग्रज मुलापेक्षा सोपा जायला हवा. इंग्रजीत एका शेतकऱ्याची आणि पुष्कळ शेतकऱ्यांची केळी कानाला एकसारखी ऐकू येतात. फरक फक्त कागदावर, चिन्ह ‘एस’च्या आधी की नंतर एवढाच. मराठीत तो फरक अनुस्वार दाखवतो:

```
the farmer's bananas     शेतकऱ्याची केळी
the farmers' bananas     शेतकऱ्यांची केळी
```

अनुस्वार नाही, तर चिन्ह ‘एस’च्या आधी. अनुस्वार आहे, तर नंतर. आणि मराठी करताना ‘चा-ची-चे’ आलंच नाही, नुसतं ‘शेतकरी’ किंवा ‘केळी’ आलं, तर चिन्हच नको. परीक्षेत सहसा दोन नामं एकाशेजारी एक देतात आणि दोन्हींची चिन्हं फिरवून चार पर्याय करतात. ‘शेतकऱ्यांची केळी’ यात ‘ची’ पहिल्यालाच लागलं आहे, केळी नुसती अनेकवचनी. म्हणून दुसऱ्या शब्दाला चिन्ह दिलेले पर्याय आधी खोडायचे. प्रत्येक नाम वेगळं तपासायचं, जोडीनं नाही. जोडीनं बघितलं की डोळे फिरतात.

ही कसोटी दोन ठिकाणी फसते आणि ते ठाऊक असलेलं बरं. एक म्हणजे आदर. तिनं सरावात माझ्याच घराबद्दल एक ओळ लिहिली आणि चिन्ह ‘एस’च्या नंतर दिलं. म्हटलं, अगं, मामा किती आहेत तुला? तर म्हणाली, ‘‘मामांचं घर. अनुस्वार आहे ना!’’ तिचं बरोबरच होतं. आपल्याकडं मामांना, काकांना, सरांना अनुस्वार मिळतो तो मानाचा, संख्येचा नव्हे. इंग्रजीला हा मान कळत नाही. तेव्हा अनुस्वार दिसला की तो डोकी मोजतोय की मान देतोय, एवढं विचारायचं. दुसरी जागा म्हणजे ‘चिल्ड्रेन’, ‘मेन’, ‘विमेन’ असे शब्द. ‘मुलांची’मधे अनुस्वार आहे, माणसंही अनेक आहेत, तरी चिन्ह ‘एस’च्या आधीच येतं. कारण हे शब्द ‘एस’ न घेताच अनेकवचनी झालेले असतात. ‘एस’ येतो तो फक्त मालकी दाखवायला.

मग राहतं ते कुप्रसिद्ध जोडपं:

```
its     त्याचं
it's    ते आहे
```

नामाला मालकी दाखवायला चिन्ह लागतं आणि सर्वनामाला लागत नाही. ही इंग्रजीची खोड आहे, तिच्याशी वाद घालून उपयोग नाही. चिन्ह दिसलं की ते सोडवून मोठ्यानं वाचायचं: ‘इट इज’. ‘शेतानं इट इज ओलावा गमावला’ असं काही तरी कानावर पडलं की समजायचं, चिन्ह नको होतं. मराठीत ‘त्याचा ओलावा’ आलं तर बिनचिन्हाचं, ‘ते आहे’ आलं तर चिन्हाचं. ‘एस’च्या नंतर चिन्ह दिलेला तिसरा अवतारही पर्यायांत भेटतो. तसा शब्दच नाही. आणि एक बघायचं: पर्यायांत ‘देअर’ही असतं. तेव्हा चिन्हाआधी मालक एक आहे की अनेक, ते ठरवा. मालक म्हणून ‘शेत’ असेल तर ‘देअर’ गेलं आणि निम्मे पर्याय तिथंच संपले.

परीक्षक जे तपासत नाहीत, त्यावरही मुलं वेळ घालवतात. तीन वस्तूंच्या यादीत ‘अँड’च्या आधी स्वल्पविराम द्यायचा की नाही, यावर इंग्रजी लिहिणारेच भांडतात. ‘एस’नं संपणाऱ्या नावाला पुन्हा ‘एस’ लावायचा की नुसतं चिन्ह, यावरही. ज्याचं उत्तर दोन चांगली पुस्तकं दोन तऱ्हेनं देतात, त्यावर एकच बरोबर पर्याय असलेला प्रश्न काढता येत नाही. तेव्हा दोन पर्यायांतला फरक फक्त असल्या वादाचा दिसला, तर समजा की तुमची नजर चुकली आहे. खरा फरक त्याच वाक्यात दुसरीकडं आहे.

गेल्या रविवारी तिनं फोनवर एक प्रश्न वाचून दाखवला. मी म्हटलं, वाचू नको, मला ऐकून काय कळणार? डावीकडं पूर्ण वाक्य आहे का ते सांग. ‘‘आहे.’’ उजवीकडं? बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘नाही मामा, ‘फ्लोइंग’ आहे.’’ आणि अर्धविरामाचा पर्याय तिनंच खोडला.